बातमी ‘जाहीर’ नेमकी केव्हा होते? के-५५-१ या बोअरची गोष्ट

१२ नोव्हेंबर १९६३. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात टिमिन्स नावाच्या गावाजवळ, दलदलीच्या आणि खुरट्या जंगलाच्या प्रदेशात, एक बोअर ६५५ फुटांवर थांबवण्यात आला. त्याचे कागदोपत्री नाव के-५५-१. बोअरमधून निघालेले खडकाचे लांबट नमुने, ज्यांना खाणकामात कोअर म्हणतात, ते भूगर्भशास्त्रज्ञाने नुसत्या नजरेने तपासले. त्याचा अंदाज असा होता की, जवळजवळ ६०० फूट लांबीच्या कोअरमध्ये सरासरी १.१५ टक्के तांबे आणि ८.६४ टक्के जस्त आहे. पहिल्याच बोअरला असा कोअर लागणे ही खाणउद्योगात जवळपास न घडणारी गोष्ट. पुढे न्यायालयात आलेल्या तज्ज्ञांनीही इतक्या समृद्ध पहिल्या बोअरचे दुसरे उदाहरण आपल्या ऐकिवात नसल्याचे सांगितले.

बोअर घेणारी कंपनी होती टेक्सस गल्फ सल्फर. नावाप्रमाणे ती मूळची गंधकाची कंपनी. पण गंधकाच्या धंद्यात पूर्वीची बरकत राहिली नव्हती, म्हणून १९५७ पासून तिने कॅनडाच्या प्राचीन खडकांवरून विमाने फिरवून जमिनीखालच्या धातूंचा माग काढायला सुरुवात केली होती. विमानातल्या उपकरणांनी शेकडो ठिकाणी विद्युत्‌वहनाच्या खुणा टिपल्या. त्यांतली एक खूण म्हणजे हा ‘किड ५५’ नावाचा तुकडा. या तुकड्याचा ईशान्य कोपराच कंपनीच्या हाती होता. उरलेली जमीन इतरांची होती.

म्हणून कंपनीचे अध्यक्ष क्लॉड स्टीफन्स यांनी आदेश दिला की, या निकालाची वाच्यता कोठेही करायची नाही. कंपनीच्या इतर अधिकाऱ्यांपाशी नाही, संचालकांपाशीही नाही. बोअरची जागा झाकून टाकण्यात आली. पाहणाऱ्याची दिशाभूल व्हावी म्हणून खुणेपासून दूर दुसरा बोअर मुद्दाम घेण्यात आला, ज्यात काहीच मिळणार नव्हते. कोअर रासायनिक तपासणीसाठी अमेरिकेतल्या युटा राज्यात पाठवला गेला. डिसेंबरमध्ये निकाल आला, तो नजरेच्या अंदाजाशी जवळजवळ जुळणारा होता: तांबे १.१८ टक्के, जस्त ८.२६ टक्के, आणि वर टनामागे ३.९४ औंस चांदी.

इथपर्यंतच्या गुप्ततेत बेकायदा असे काही नव्हते, हे लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे. खाणीचा शोध लागल्याचा गवगवा केला तर शेजारची जमीन सोन्याच्या भावाने घ्यावी लागेल, हे कोणताही व्यापारी जाणतो. पुढे ज्या न्यायालयाने या प्रकरणात कठोर निकाल दिला, त्यानेही कंपनीचे मौन गैर ठरवले नाही. (ज्यांनी काही न कळता आपली जमीन विकली, त्यांच्या बाजूने पाहिले तर हे मौन फारसे निरागस वाटत नाही, पण तो वेगळा वाद आहे.) गैर जे घडले ते मौन पाळणाऱ्यांच्या स्वतःच्या खिशात घडले.

कोअर निघाला त्याच दिवशी, म्हणजे १२ नोव्हेंबरला, कंपनीचे कार्यकारी उपाध्यक्ष चार्ल्स फोगार्टी यांनी न्यूयॉर्कच्या बाजारात कंपनीचे ३०० शेअर घेतले. तीन दिवसांनी भूभौतिक पाहणी करणारे अभियंते रिचर्ड क्लेटन यांनी २०० घेतले. भाव होता सुमारे १८ डॉलर. प्रत्यक्ष बोअरवर हजर असलेले भूगर्भशास्त्रज्ञ केनेथ डार्क यांनी शेअरबरोबर ‘कॉल’ही घेतले. कॉल म्हणजे ठरावीक मुदतीत ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क. अशा हक्कासाठी थोडीच रक्कम मोजावी लागते. भाव चढला तर फायदा अनेक पटींनी होतो, आणि मुदतीत चढला नाही तर मोजलेली रक्कम बुडते. म्हणजे भाव चढणार, आणि तो लवकरच चढणार, अशी खात्री असलेल्या माणसाचे हे साधन. डार्क यांनी आपल्या ओळखीच्या काही लोकांनाही कंपनीचा शेअर चांगला असल्याचे सुचवले आणि त्यांनीही खरेदी केली.

या प्रकरणातला सर्वांत बोलका आकडा न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. पहिला बोअर पुरा होण्यापूर्वी या मंडळींकडे, आणि त्यांनी ज्यांना कानमंत्र दिला त्यांच्याकडे, मिळून कंपनीचे १,१३५ शेअर होते आणि कॉल एकही नव्हता. ३१ मार्च १९६४ रोजी शेअर ८,२३५ झाले होते आणि आणखी १२,३०० शेअरवरचे कॉल हाती होते. मध्यंतरी, २० फेब्रुवारीला, कंपनीने आपल्या २६ अधिकाऱ्यांना व कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क बक्षीस म्हणून दिला. त्यांत अध्यक्ष स्टीफन्स, फोगार्टी आणि बोअरची माहिती असलेले इतर काही होते. तो भाव ठरवणाऱ्या संचालकांना बोअरचा पत्ताच नव्हता. ज्यांना होता त्यांनी सांगितले नाही आणि हक्क स्वीकारला.

आता बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पाहावे. फोगार्टी यांनी घेतलेले ३०० शेअर कोणी तरी विकलेच होते. तो कोण होता, हे इतिहासाला ठाऊक नाही. शेअरबाजाराचे हेच वैशिष्ट्य आहे. गावच्या बाजारात बैल विकणारा माणूस गिऱ्हाइकाचा चेहरा पाहतो, त्याला प्रश्न विचारतो, संशय आला तर दावे सोडत नाही. शेअर विकणाऱ्याला समोर कोण आहे हेच कळत नाही. दलालाकडे कागद जातो, भाव येतो, पैसे जमा होतात. ज्या कंपनीचा आपण भागीदार आहोत, तिचाच कार्यकारी उपाध्यक्ष आपल्याकडून शेअर घेत आहे, हे कळले असते तर त्याने विकले असते का? निदान एकदा विचारले तरी असते. आणि तो उपाध्यक्ष काही परका व्यापारी नव्हता. भागधारकांच्या पैशाने चालणाऱ्या कंपनीचा तो पगारी विश्वस्त होता. शेजारच्या जमिनीच्या मालकाशी त्याचे असे नाते नव्हते, भागधारकाशी होते. कायद्याच्या दृष्टीने भेद इथे पडतो.

ज्या नियमाखाली हा खटला उभा राहिला, त्याचा जन्मही अशाच एका प्रसंगातून झाला होता. १९४२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाकडे बॉस्टनहून एक तक्रार आली. तिथल्या एका कंपनीचा अध्यक्ष भागधारकांना भेटून कंपनीची अवस्था वाईट असल्याचे सांगत होता आणि त्यांचे शेअर चार डॉलरना विकत घेत होता. वास्तवात नफा चौपट होणार होता. १९३४ चा रोखे व्यवहार कायदा हाताशी होता, पण शेअर विकणाऱ्याने केलेली फसवणूक रोखण्याची तरतूद जशी होती, तशी सामान्य खरेदीदाराने केलेली फसवणूक रोखण्याची नव्हती. आयोगाचे वकील मिल्टन फ्रीमन यांनी त्याच दिवशी ‘१०बी-५’ हा नियम लिहून काढला. पुढे त्यांनीच सांगितलेल्या आठवणीनुसार आयोगाच्या बैठकीत चर्चा झालीच नाही. एका सदस्याने एवढेच म्हटले की, आपण फसवणुकीच्या विरोधात आहोत ना, आणि नियम संमत झाला. इतक्या सहज संमत झालेल्या नियमाने पुढच्या काळात किती खटले चालवले, हे पाहून फ्रीमन यांनाही नवल वाटले असेल.

टिमिन्सकडे परत येऊ. मार्चअखेरीस जमिनीची खरेदी पुरेशी झाली आणि ३१ मार्चला बोअर पुन्हा सुरू झाले. एकामागून एक बोअर समृद्ध निघू लागले. शेअरचा भाव तोवर २६ डॉलरवर पोहोचला होता. कोअर विमानाने अमेरिकेला जात असल्याचे लोकांच्या नजरेत भरले आणि कुजबुज सुरू झाली. ११ एप्रिलच्या सकाळी न्यूयॉर्कच्या दोन मोठ्या दैनिकांत मोठा साठा सापडल्याच्या बातम्या झळकल्या.

त्यावर कंपनीने १२ एप्रिलला जे निवेदन काढले, ते या प्रकरणातले सर्वांत वादग्रस्त पान आहे. बातम्या अतिरंजित आहेत, आजवरच्या वेधनातून ठोस निष्कर्ष काढता येत नाही, साठ्याच्या आकाराविषयी व प्रतीविषयी बोलणे अकाली आणि दिशाभूल करणारे ठरेल, असा त्याचा आशय होता. यांतले एखादे वाक्य सुटे काढून खोटे ठरवणे अवघड आहे. पण १३ तारखेच्या सकाळी हे वाचणाऱ्या सामान्य भागधारकाने काय समजायचे? आवई होती, फुटली, आता विकून मोकळे व्हावे. अनेकांनी तसेच केले. त्या दिवशी ३२ डॉलरपर्यंत गेलेला भाव १५ एप्रिलला २९ च्या आसपास उतरला.

चारच दिवसांनी, १६ एप्रिलला सकाळी दहा वाजता, न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांना बोलावून कंपनीने दुसरे निवेदन वाचून दाखवले. निदान अडीच कोटी टनांचा साठा सापडला होता! दिवसभरात भाव ३७ डॉलरला भिडला. महिन्याने, १५ मे रोजी, तो ५८ डॉलर होता. १३ एप्रिलला निवेदनावर विसंबून ज्याने शंभर शेअर विकले, त्याला सुमारे ३,१०० डॉलर मिळाले. महिनाभर थांबला असता तर ५,८०० मिळाले असते. अशा विक्रेत्यांपैकी युटातील काहींनी पुढे कंपनीवर स्वतंत्र दावे लावले आणि १९७१ मध्ये वरिष्ठ न्यायालयात त्यांची बाजू मान्य झाली.

आणि आता त्या सकाळची अर्धी घटका. कंपनीचे एक संचालक फ्रान्सिस कोट्स पत्रकारांसमोरच्या वाचनाच्या वेळी तिथेच होते. वाचन सव्वादहाच्या सुमारास संपले. कोट्स बाहेर पडले, त्यांनी ह्यूस्टनला आपल्या दलाल जावयाला दूरध्वनी लावला आणि दहा वाजून वीस मिनिटांच्या आत २,००० शेअरची मागणी नोंदवली. त्यांचे म्हणणे सरळ होते: बातमी जाहीर झाली, मग मी खरेदी का करू नये? पण देशभरातल्या दलालांच्या कचेऱ्यांत बातम्या छापणाऱ्या डाऊ जोन्सच्या टेपवर ती बातमी उमटली १० वाजून ५४ मिनिटांनी. म्हणजे मधली ३४ मिनिटे बातमी एका खोलीपुरती जाहीर होती आणि देशापुरती गुप्त.

कंपनीचे सचिव डेव्हिड क्रॉफर्ड यांनी तर निवेदनाच्या आदल्या मध्यरात्रीनंतर दलालाला उठवून ३०० शेअर सांगितले आणि सकाळी साडेआठला ती मागणी दुप्पट केली. क्लेटन यांनी १५ तारखेला आणखी २०० घेतले.

नियामक आयोगाने १९६५ मध्ये खटला भरला. पहिल्या न्यायालयात न्यायाधीश बॉन्सल यांनी १९६६ मध्ये बहुतेकांना मोकळे केले. त्यांचा तर्क फेटाळण्याजोगा नव्हता. एका बोअरवरून खाण सिद्ध होत नाही. साठा किती रुंद, किती लांब, हे ठाऊक नसताना नोव्हेंबरमध्ये कोणाकडे ‘माहिती’ होती असे म्हणायचे तरी कसे? होती ती उमेद. आणि आपल्या कंपनीविषयी उमेद बाळगून शेअर घेणे हा गुन्हा नव्हे. कोट्स यांनीही निवेदन झाल्यावरच मागणी नोंदवली होती. दोषी ठरले ते फक्त क्लेटन आणि क्रॉफर्ड, तेही अखेरच्या क्षणीच्या खरेदीसाठी.

ऑगस्ट १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने हे चित्र पालटले. खाण सिद्ध झाली होती का, हा प्रश्नच चुकीचा आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. घटना घडण्याची शक्यता किती आणि घडलीच तर तिचा परिणाम केवढा, या दोहोंचा मेळ घालून पाहायचे. शक्यता मध्यम असली तरी परिणाम प्रचंड असेल, तर शहाणा गुंतवणूकदार ती माहिती नक्कीच विचारात घेईल. आणि ही माहिती किती मोलाची होती याचा पुरावा कोठे शोधायचा? न्यायालयाने तो आरोपींच्याच वागण्यात शोधला. ज्यांनी पूर्वी कधी कॉल घेतले नव्हते अशांनी नेमके कोअर निघाल्यानंतर कॉल घेतले, यापेक्षा बोलकी साक्ष दुसरी कोणती? उमेद ही कल्पना म्हणून कितीही धूसर असो, त्यांनी तिच्यावर पैसे लावले होते.

या निकालातून जो दंडक रुजला तो दोन शब्दांचा आहे: सांगा, किंवा थांबा. आतली महत्त्वाची माहिती ज्याच्यापाशी आहे त्याने ती आधी बाजाराला सांगावी. कंपनीच्या हितासाठी सांगता येत नसेल, तर तोवर स्वतः खरेदी-विक्री करू नये. मौन आणि खरेदी यांपैकी एकच करता येते. कोट्स यांच्याविषयीही न्यायालयाने उलट मत दिले. बातमी वाचली गेली म्हणजे जाहीर झाली असे नव्हे. सर्वाधिक पसरणाऱ्या माध्यमातून ती गुंतवणूकदारांपर्यंत पोहोचली असे मानता येईल, इतका वेळ जावा लागतो. ज्याला आधी ठाऊक होते त्याने निदान तेवढे थांबले पाहिजे.

या निकालावर टीका झाली आणि आजही होते. आतल्या माणसांच्या खरेदीनेच भाव हळूहळू खऱ्या मोलाकडे सरकतो, मग त्यांना का अडवा, असा अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाचा युक्तिवाद आहे. टिमिन्सचे आकडे या युक्तिवादाला फारशी साथ देत नाहीत. पाच महिन्यांच्या गुपचूप खरेदीत भाव १८ वरून ३० पर्यंत आला, तर खरे सांगितल्यावर तो एका महिन्यात ५८ झाला. माहिती बाजारात पोहोचवण्याचा जलद मार्ग ती सांगणे हाच होता. शिवाय मौनातून कमाई होऊ लागली की मौन लांबवण्याचा मोह होतो. १२ एप्रिलचे ते निवेदन ज्यांनी तयार केले त्यांत स्टीफन्स आणि फोगार्टी होते, आणि दोघांच्याही हाती स्वस्त भावाचे हक्क होते. त्यांचा हेतू काय होता हे कोणी सांगावे. पण भागधारकाला तो प्रश्न पडावा, हेच पुरेसे वाईट आहे.

‘जाहीर केव्हा’ हाच प्रश्न पुढे मुंबईत उपस्थित झाला. भारतात ‘सेबी’ने इनसायडर ट्रेडिंगविरोधी नियम १९९२ मध्ये केले. त्यांत गुप्त माहितीची व्याख्या अशी होती की, जी कंपनीने प्रसिद्ध केलेली नाही किंवा जी सर्वसाधारणपणे ठाऊक नाही, ती. चार वर्षांत या व्याख्येची कसोटी लागली. २५ मार्च १९९६ रोजी हिंदुस्तान लिव्हरने युनिट ट्रस्टकडून ब्रूक बाँड लिप्टन इंडियाचे आठ लाख शेअर ३५०.३५ रुपयांनी घेतले. दोन्ही कंपन्यांची पालक कंपनी एकच होती. १९ एप्रिलला दोन्हींच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव जाहीर झाला. मधले अंतर पंचवीस दिवसांचे. बाजारभावापेक्षा सुमारे दहा टक्के जास्त मिळाले म्हणून विकणाऱ्याला सौदा बरा वाटला असेल. पण विकणारा युनिट ट्रस्ट होता, म्हणजे देशभरातल्या सामान्य बचतदारांचा पैसा.

सेबीने मार्च १९९८ मध्ये खरेदीदार कंपनीला ‘आतला’ ठरवून ट्रस्टला ३ कोटी ४ लाख रुपये, म्हणजे शेअरमागे ३८ रुपये, भरपाई देण्याचा आदेश दिला. जुलैमध्ये अर्थमंत्रालयाच्या अपील प्राधिकरणाने तो रद्द केला. एक मुख्य कारण असे की, विलीनीकरणाचे तर्क वर्तमानपत्रांतून आधीच येत होते, तेव्हा ती बातमी सर्वसाधारणपणे ठाऊक होती. नियमाची भाषा पाहता प्राधिकरणाचा अर्थ चूक म्हणता येत नाही. पण तर्क वाचणाऱ्याला तर्क ठाऊक असतो; विलीनीकरण होणार हे ठाऊक असणारा वेगळाच असतो. ११ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या दैनिकांनीही टिमिन्सची बातमी छापली होती, आणि दोनच दिवसांनी लोक ते शेअर विकत होते.

२००२ मध्ये सेबीने व्याख्येतली ती फट बुजवली. ‘सर्वसाधारणपणे ठाऊक’ हे शब्द गेले आणि वृत्तपत्रांतील वा इतर माध्यमांतील तर्कवितर्क म्हणजे प्रसिद्ध झालेली माहिती नव्हे, असा खुलासा जोडला गेला. २०१५ पासून लागू असलेल्या नियमांत कसोटी अशी आहे की, माहिती सर्वांना भेदभावाविना उपलब्ध असली पाहिजे. संचालकांनी आणि नेमून दिलेल्या कर्मचाऱ्यांनी एका तिमाहीत दहा लाख रुपयांवर व्यवहार केला तर दोन व्यवहारदिनांत कंपनीला कळवावे आणि कंपनीने ते शेअरबाजाराला कळवावे, अशी तरतूद या नियमांत करण्यात आली. म्हणजे आजच्या फोगार्टीची खरेदी विकणाऱ्याला निदान नंतर तरी दिसते. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत त्यांच्यासाठी व्यवहाराची खिडकी बंद असते. निकाल जाहीर झाल्यावरही ती लगेच उघडत नाही. आणखी ४८ तास जावे लागतात. कोट्स यांनी पाच मिनिटे वाट पाहिली होती.